नऊ टक्के लाभांश, टीप सातच्या अधीन

रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचं वार्तापत्र दर वर्षी इंग्रजीत निघे, आणि ते इंग्रजी वाचलं की कोशकारांच्या डोक्यात तिडीक जाई. एका वाक्यात तीन क्रियापदं, त्यातली दोन बेवारस. असलं लिहिणाऱ्याला त्यांच्या जुन्या खात्यात पाकिटं चिकटवायलासुद्धा कुणी बसवलं नसतं, असं ते आक्काला दर वर्षी सांगत आणि आक्का दर वर्षी चहा गाळत ऐकून घेई.

कोशकार हे त्यांचं नाव नव्हे. सरकारी भाषांतर विभागात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून आपल्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या, इमारतीच्या जिन्यातल्या सूचना, औषधांच्या खोक्यांवरचे मजकूर, सगळ्यांतल्या चुका काढत हिंडू लागले. कुणीतरी वैतागून त्यांना कोशकार म्हटलं. ती थट्टा होती हे त्यांना कळलंच नाही. त्यांना ती पदवी वाटली आणि त्यांनी ती अंगाला लावून घेतली.

आक्का त्यांची थोरली बहीण. त्याच रुग्णालयात छत्तीस वर्षं परिचारिका होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि भावाचा संसार कधी झालाच नाही, कारण त्यांच्या पसंतीला उतरेल इतकं शुद्ध बोलणारी बाई मिळाली नाही. तेव्हा दोघं दोन खोल्यांत एकत्र राहत. आक्का पतसंस्थेची जुनी सभासद. निवृत्तीला मिळालेल्या रकमेतली निम्मी तिने तिथे मुदत ठेवीत ठेवली होती, आणि ती कशासाठी हे तिने भावाला एकदाच सांगितलं होतं. "अंथरुणाला खिळले तर पगारी बाई ठेवायची. तू मला उठवून बसवणार नाहीस, आणि मला ते तुझ्याकडून करून घ्यायचंही नाही." कोशकारांना या बोलण्यातलं खरेपण मान्य होतं.

मराठी वार्तापत्राची भानगड आक्कामुळेच सुरू झाली होती. तरुण सभासद इंग्रजी वार्तापत्र मोबाइलवर बघत, म्हणजे न बघता पुढे सरकवत. निवृत्त माणसांना ते वाचता येत नसे. जुने वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातल्या बायका, धुलाई विभागातले लोक, रुग्णवाहिकेचे चालक, असे सव्वादोनशे जण. त्यांनी सभेत आरडाओरडा केला, तेव्हा आक्का म्हणाली, माझा भाऊ करून देईल. तेव्हापासून नऊ वर्षं कोशकार पानामागे ठरलेलं मानधन घेऊन ते करत होते आणि त्या सव्वादोनशे जणांना मनापासून तुच्छ लेखत होते. लाभांशाचा आकडा बघायचा, बोटांवर हिशेब करायचा आणि कागद कपाटात अंथरायचा, एवढंच ही माणसं करतात, अशी त्यांची खात्री होती. ती त्यांनी कधी तपासली नाही, खात्री तपासायची नसते या समजुतीने.

या वर्षी इंग्रजी मजकूर आला तो चार पानांचा. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत बातमी: संचालक मंडळाने नऊ टक्के लाभांशाची शिफारस केली आहे, सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली की तो वाटला जाईल. दुसऱ्या पानावर आवाहन: सभासदांनी जादा शेअर घ्यावेत, शुक्रवारपर्यंत अर्ज करावेत, नव्या शेअरवर लाभांश पुढच्या वर्षापासून. तिसऱ्या पानावर बारीक टाइपात लेखापरीक्षकांचा अहवाल.

कोशकारांनी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण हा मजकूर लिहिणाऱ्याला लिहिता येत होतं. तो म्हणत होता, हिशेब बाकी ठीक आहेत, टीप सात सोडून. आणि टीप सातमध्ये होतं की संस्थेने एका शीतगृहवाल्याला मोठं कर्ज दिलंय, त्याने चौदा महिने हप्ता भरलेला नाही, तरी संस्थेने त्या बुडत्या कर्जासाठी काहीही बाजूला काढून ठेवलेलं नाही. उलट त्याच्याकडून न आलेलं व्याज आल्यासारखं दाखवून नफ्यात धरलंय. नियमाप्रमाणे तरतूद केली असती, तर नफ्याच्या जागी तोटा दिसला असता, आणि वाटायला काही उरलं नसतं.

म्हणजे पहिल्या पानावर नऊ टक्के आणि तिसऱ्या पानावर शून्य. कोशकार हसले. हे त्यांना कळलं आणि सव्वादोनशे जणांना कळणार नाही, या विचाराने त्यांचा दिवस चांगला गेला.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः घरी आले. हे पूर्वी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होते, म्हणजे लोकांची हाडं बघण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण स्वतःच्या पाठीचा कणा कधी बघितला असेल असं वाटत नसे. बसले, आक्काचा चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले.

"ते तिसरं पान आहे ना, कोशकार, ते मराठीत नाही घेतलं तरी चालेल. जागा वाचेल."

"जागा वाचवायला मी भाषांतर करत नाही."

"तसं नव्हे. वयस्कर माणसं आहेत. एखादा शब्द वाचून उगाच घाबरतात, ठेवी काढायला रांगा लावतात. संस्थेचं नुकसान, शेवटी त्यांचंच नुकसान. दोन ओळीत आटपा. लेखापरीक्षण पूर्ण झालं, एवढं पुरे."

"मी मूळ मजकुरातला एक शब्द गाळत नाही," कोशकार म्हणाले. "एकतीस वर्षांत गाळला नाही. मंत्र्याने सांगितलं तेव्हाही गाळला नाही."

मंत्र्याने त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. पण वाक्य ठणठणीत निघालं आणि अध्यक्ष उठले. जाताना ते इतकंच म्हणाले, छापायच्या आधी मला एकदा दाखवा.

मग कोशकार कामाला बसले, आणि बसले ते असे की दोन दिवस त्यांनी आक्काला पंखासुद्धा जोरात लावू दिला नाही. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द हलका वापरायचा नाही. लेखापरीक्षकाचं पहिलं वाक्य मराठीत उतरलं ते असं: "टीप क्रमांक सातमध्ये विवेचिलेल्या बाबीच्या परिणामांचा अपवाद करता, उक्त वित्तीय विवरणपत्रे संस्थेच्या आर्थिक स्थितीचे सत्य व वाजवी दर्शन घडवितात." टीप सातमधला शीतगृहवाला "प्रशीत-संचयागार-परिचालक ऋणको" झाला, आणि तिचं शेवटचं वाक्य असं: "अनर्जक कर्जाकरिता विहित तरतूद करण्यात आली असती, तर वर्षाखेरीचे आधिक्य तुटीत परिवर्तित होऊन वितरणयोग्य रक्कम अनुपलब्ध ठरली असती." हे त्यांनी स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं. स्वल्पविराम एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, परत आणला. आपल्यानंतर हे असं लिहिणारा कुणी राहणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

अध्यक्ष छपाईच्या आधी वाचायला आले ते तोंड पाडून आले. तिसरं पान त्यांनी ओळीवर बोट ठेवत वाचलं. अर्ध्यावर कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. शेवटाला पोचेपर्यंत माणूस खुलला होता.

"छान झालंय," ते म्हणाले. "भारदस्त. यातला एक शब्दही बदलू नका."

"बदलणार नव्हतोच."

"पुढच्या वर्षीपासून मानधन वाढवू आपण."

नऊ वर्षांत पहिल्यांदा या माणसाला भाषेची चाड वाटली, असं कोशकारांना वाटलं. इतका हुशार माणूस, सगळ्यांची मापं काढणारा, आणि एका क्ष-किरणवाल्याने त्यांना कागदासारखं घडी करून खिशात घातलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अध्यक्षांनी गाळायला सांगितलं तेच त्यांनी छापून दिलं होतं, आणि छापलं होतं असं की गाळल्यापेक्षा जास्त दिसेनासं झालं. वर संस्थेला म्हणता येत होतं, बघा, आम्ही काही लपवलं नाही.

मंगळवारी वार्तापत्रं पोस्टात पडली. बुधवारी आक्का चष्मा लावून आपली प्रत घेऊन बसली. ती सगळं वाचत असे, जेवणाच्या डब्यावर बांधलेला कागदसुद्धा. तिसऱ्या पानाशी ती रेंगाळली.

"अरे, हे ठीक आहे ना सगळं?"

कोशकार त्या वेळी वर्तमानपत्रात चुका शोधत होते. "सगळं आहे त्यात. सावकाश वाच."

"सावकाशच वाचतेय. नऊ टक्के चांगलेच म्हणायचे ना?"

"छापलंय ना नऊ टक्के," ते म्हणाले आणि पान उलटलं. बहीण असली तरी सव्वादोनशेतलीच एक, अशा सुरात म्हणाले. आक्काने पुढे काही विचारलं नाही. या घरात दुसऱ्यांदा विचारलं की उत्तराबरोबर शिकवणी मिळते, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी तिने एक पावती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, फाइलला लाव. घरातल्या फाइली कोशकारांकडे असत. त्यांनी पावती वाचली, उलटून पाहिली, परत वाचली. आक्काची मुदत ठेव गुरुवारी पुरी झाली होती, आणि तिने ती सगळीच्या सगळी जादा शेअरमध्ये घातली होती.

"हे काय केलंस?"

"ठेवीवर सहा टक्के देतात. शेअरवर नऊ. हिशेब मलाही येतो."

ठेव म्हणजे संस्थेने आपलं देणं लागणं, मागितली की परत द्यावी लागते. शेअर म्हणजे आपण संस्थेचे मालक, म्हणजे तोटा झाला तर पहिला तोटा आपल्या रकमेला खाणार. आणि शेअरचे पैसे सहजासहजी परत मिळत नाहीत. हे त्यांना माहीत होतं, पोटनियमांचं भाषांतरही त्यांनीच केलं होतं.

"अगं, संस्थेला नफा झालेलाच नाही. शीतगृहवाल्याने कर्ज बुडवलंय. हे नऊ टक्के खोटे आहेत. बुडीत कर्ज धरलं तर तोटा आहे, तोटा."

आक्का खुर्चीवर टेकली. "तुला कधी कळलं?"

"कधी म्हणजे? मी भाषांतर केलंय. त्यात लिहिलंय सगळं." त्यांनी कपाटातून वार्तापत्र काढलं आणि टीप सातवर बोट ठेवलं. "हे बघ."

तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं. अनर्जक, विहित, आधिक्य, परिवर्तित, अनुपलब्ध, सगळे शब्द नीट उच्चारले. मग कागद मांडीवर ठेवला.

"यात शीतगृहवाला कुठे आहे? तोटा कुठे आहे?"

"आधिक्य तुटीत परिवर्तित—"

"तू लिहिलंस ना, म्हणून मी निर्धास्त होते," आक्का म्हणाली. "म्हटलं, वाईट असतं तर हा बोलला असता. मी विचारलंही तुला."

कोशकारांनी पावती खिशात घातली.

ते तसेच संस्थेच्या कार्यालयात गेले. अध्यक्ष हजेरीपटांच्या कपाटाशी उभे राहून डिंकाची बाटली शोधत होते. अर्ज मागे घ्यायचाय, कोशकार म्हणाले, आक्काचा. अध्यक्षांना फार वाईट वाटलं, म्हणजे तसं ते म्हणाले. काल संध्याकाळीच संचालक मंडळाची बैठक झाली, आलेल्या सगळ्या अर्जांना शेअर मंजूर झाले. एकोणपन्नास अर्ज होते. नाव नोंदवहीत चढलं की आमचाही इलाज नाही.

"तुम्हाला माहीत होतं," कोशकार म्हणाले.

"तुम्हालाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि तुमचं तर लेखी आहे."

रविवारची सभा रुग्णालयाच्या प्रशिक्षण वर्गात होती. भिंतीवर मानवी यकृताचा तक्ता, समोर घडीच्या खुर्च्या, आणि त्यांवर निवृत्त माणसं मांडीवर वार्तापत्र घेऊन बसलेली. कोशकारांनी नजर फिरवली. कुठलीही प्रत कपाटात अंथरलेली दिसत नव्हती. कित्येकांनी तिसऱ्या पानावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. अवघड शब्दांखाली. एकीने तर समासात प्रश्नचिन्हं काढली होती, ओळीने.

लाभांशाचा ठराव वाचून झाला. अध्यक्षांनी विचारलं, मंजूर? हात वर जाऊ लागले, तेवढ्यात आक्का उभी राहिली. चालताना तिचे गुडघे दुखत, पण उभी राहिली की वॉर्डात उभी राहिल्यासारखी राही.

"आधी तिसऱ्या पानावरची टीप सात समजावून सांगा," ती म्हणाली. "मग हात वर करू."

"ते तांत्रिक आहे, सिस्टर. लेखापरीक्षकांची भाषा."

"मराठीत आहे."

मागून दोघं-तिघं म्हणाले, आम्हालाही कळलं नाही. धुलाई विभागाची जुनी मुकादम बाई म्हणाली, मी नातवाला विचारलं, त्यालाही नाही कळलं. अध्यक्षांनी घाम पुसला, आणि मग त्यांना आधार सापडला. त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. "भाषांतरकार स्वतः इथेच आहेत. त्यांचं मराठी, त्यांनीच सांगावं." एवढ्या लोकांसमोर हा माणूस सोपं बोलूच शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. नऊ वर्षांचा अनुभव पाहता तो चुकीचा नव्हता.

कोशकार उठले. सवयीने पहिला शब्द तोंडात आला तो 'उक्त'. समोर आक्का अजून उभीच होती. त्यांनी तो शब्द गिळला.

"संस्थेने एका शीतगृहवाल्याला मोठं कर्ज दिलंय," ते म्हणाले. "त्याने चौदा महिने एक पैसा भरलेला नाही. त्याच्याकडून न आलेलं व्याज आलं असं दाखवलंय, म्हणून नफा दिसतोय. नीट हिशेब केला तर संस्था तोट्यात आहे. लाभांश द्यायला पैसे नाहीत."

कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. पाच वाक्यं, आणि सव्वादोनशे जणांना ती एका दमात कळली, ज्यांना काही कळत नाही अशी त्यांची नऊ वर्षं खात्री होती.

रुग्णवाहिकेचा एक जुना चालक सावकाश उभा राहिला. "साहेब, मी पण शेअर घेतलेत परवा. तुम्ही हे जे आत्ता बोललात, ते लिहायला काय झालं होतं?"

अध्यक्षांवर ओरडायचं सोडून सगळी सभा कोशकारांच्या तोंडाकडे बघत होती. आजवर ज्यांच्याकडे त्यांनी नाकाच्या शेंड्यावरून पाहिलं, ते सगळे आता त्यांच्याकडे तसंच पाहत होते, आणि त्यांच्यापाशी तर कारणही होतं. अध्यक्ष चोर होते, चोरासारखे वागले. यांना तर कुणी लाचही दिली नव्हती. कोशकार खाली बसले.

लाभांशाचा ठराव पडला. कर्जाच्या वसुलीची चौकशी करायला समिती नेमली गेली. मग लोकांनी शेअरचे पैसे परत मागितले, तेव्हा चिटणीसांनी पोटनियम वाचून दाखवला: सभासदत्व सोडणाऱ्यालाच शेअरची रक्कम परत, वर्षभरात एकूण भागभांडवलाच्या दहा टक्क्यांपर्यंत, अर्ज आलेल्या क्रमाने, आणि संस्था तोट्यात असेल तर तोटा कापून. हे मात्र सगळ्यांना समजलं. मागच्या दाराशी टेबल मांडून कोरे अर्ज वाटायला सुरुवात झाली आणि रांग लागली. गुडघ्यांमुळे आक्काचा नंबर एकतिसावा आला.

टेबलापाशी पोचल्यावर तिने अर्ज घेतला आणि भावापुढे धरला. "लिही. माझा हात दुखतोय."

कोशकारांनी पेन काढलं, अर्ज यकृताच्या तक्त्याखाली भिंतीला टेकवला आणि लिहिलं: मी सभासदत्वाचा राजीनामा देत असून माझ्या भागांच्या रकमेची प्रतिपूर्ती व्हावी.

आक्काने चष्मा लावून वाचलं. "प्रतिपूर्ती म्हणजे?"

"पैसे परत देणं."

"मग तेच लिही."

त्यांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: पैसे परत द्या.